लोणच्याच्या कारखान्याची फेरी: चित्रफितीची संहिता पाण्याच्या मागाने कशी लिहावी

लोणच्याचा छोटा कारखाना दाखवणारी साडेचार मिनिटांची चित्रफीत करायची ठरली की नवखा संहितालेखक बहुधा तीन कप्पे पाडतो: आधी मालकिणीची कहाणी, मग प्रक्रिया, शेवटी स्वच्छता. अशी संहिता लिहायला सोपी जाते, पण पाहणाऱ्याच्या मनातला प्रश्न तिच्यात कुठेच येत नाही. मराठी घरात लोणच्याच्या बरणीला ओला हात लावू नये हे लहानपणीच कानावर पडते, त्यामुळे लोणचे विकत घेणाऱ्याची नजर कारखान्यात सर्वांत आधी पाणी शोधते. कैरी धुतली, मग ती कोरडी कुठे झाली? डाव कोरडा आहे का? बरणी पुसली ते फडके कसे होते? या नजरेला उत्तर देणारी संहिता हवी असेल, तर पाणी कारखान्यात कुठे येते आणि कुठे संपते हा एकच धागा धरावा. प्रक्रिया, स्वच्छता आणि मालकिणीची गोष्ट या तिन्ही बाबी त्या एका धाग्यात आपोआप ओवल्या जातात, हे मी नाशिकमध्ये अशा संहिता लिहिताना अनुभवले आहे. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका गाळ्याचे काम डोळ्यांपुढे ठेवून ही पद्धत पुढे पायरीपायरीने सांगितली आहे.

पहिली पायरी: कॅमेऱ्याविना एक पूर्ण दिवस

संहितेचा पहिला शब्द लिहिण्यापूर्वी गाळ्यात एक दिवस नुसते उभे राहावे. सोबत वही आणि पेन्सिल पुरे. गाळ्याचा साधा आराखडा काढावा आणि जिथे जिथे पाणी दिसेल तिथे निळी खूण करावी: नळ, धुण्याच्या टाक्या, हात धुण्याची जागा, गटाराची जाळी, ओली फरशी. मग जिथे पाणी येताच कामा नये तिथे लाल खूण करावी: मसाल्याची खोली, मिसळण्याचे भांडे, भरण्याचे टेबल, रिकाम्या बरण्यांचे फडताळ.

आमच्या गाळ्यात सहा बायका आणि मालकीण काम करत होत्या. पेठ आणि सुरगाण्याकडच्या गावठी कैऱ्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये सकाळी येत. आधी निवड होई. पाड लागलेली, डागी किंवा आपटलेली कैरी बाजूला जाई, कारण पिकायला लागलेल्या फळाची फोड मऊ पडते आणि लोणच्यात तिचा लगदा होतो. कोय धरलेली, कडक कैरीच पुढे जाई. मग देठ काढून, चीक जाईपर्यंत तीन टाक्यांत धुणे, सुती कापडाने एकेक कैरी पुसणे आणि जाळीच्या ट्रेमध्ये पंख्याखाली पसरणे. इथपर्यंतचा भाग निळ्या खुणांचा होता. ट्रे एका छोट्या खिडकीतून पलीकडच्या खोलीत सरकवले जात आणि धुणाऱ्या बायका त्या खोलीत जात नसत. ती खिडकी वहीत टिपली तेव्हाच संहितेचा मध्य सापडला. निळा भाग संपून लाल भाग जिथे सुरू होतो तो उंबरठा प्रत्येक चांगल्या कारखान्यात कुठे ना कुठे असतो. संहितालेखकाने तो शोधायचा असतो.

उंबरठा सापडलाच नाही, म्हणजे धुणे, कापणे आणि भरणे एकाच ओल्या फरशीवर चालले आहे असे दिसले, तर चित्रीकरणाची घाई करू नये. ते मालकिणीला स्पष्ट सांगावे आणि आधी मांडणी बदलू द्यावी. कॅमेऱ्याचा कोन बदलून ओली फरशी लपवता येते, पण मग तीच फरशी ग्राहकाच्या घरी बरणीतल्या बुरशीच्या रूपाने दिसते.

दुसरी पायरी: मालकिणीला कोणता प्रश्न विचारावा

“तुमची सुरुवात कशी झाली?” असे विचारले की उत्तर ठरलेले येते: आजीची कृती, घरच्यांचा पाठिंबा, पहिले प्रदर्शन. हे सारे खरे असते, पण कोणत्याही उद्योगाला लागू पडते. त्याऐवजी भिंतीवरच्या नियमांच्या पाटीकडे बोट दाखवावे आणि विचारावे, “ताई, यातला कोणता नियम तुम्ही नुकसान सोसून शिकलात?”

आमच्या गाळ्यात पाटीवरची चौथी ओळ होती: “तेल गार झाल्याशिवाय झाकण नाही.” ताई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग त्यांनी जे सांगितले तीच चित्रफितीतली त्यांची गोष्ट झाली. घरच्या स्वयंपाकघरात काम चालू असताना त्यांना पहिली मोठी मागणी आली, साठ बरण्यांची. दुसऱ्या दिवशी माल द्यायचा होता. फोडी उत्तम होत्या, मसाला नेहमीचा होता, हात कोरडे होते, बरण्या उन्हात वाळवलेल्या होत्या. फक्त तेल कोमट असतानाच मिसळले गेले आणि लोणचे कोमट असतानाच बरण्यांची झाकणे लावली गेली. आतली वाफ झाकणाला जाऊन लागली, तिथे गार होऊन तिचे थेंब झाले आणि ते थेंब तेलावर पडले. तीन आठवड्यांत तक्रारी सुरू झाल्या. झाकणाच्या आतल्या बाजूला आणि काचेच्या कडेला पांढरट बुरशीचे कडे धरले होते. त्यांनी साठही बरण्या परत घेतल्या आणि पैसे परत केले.

या प्रसंगात बाहेरून पाण्याचा एक थेंबही आला नव्हता. तो बरणीतच तयार झाला होता. ओला हात टाळावा हे सर्वांना ठाऊक असते, पण कोमट लोणचे झाकले तर काय होते हे फार थोड्यांना ठाऊक असते. अशी गोष्ट मिळाली की ती चित्रफितीच्या सुरुवातीला खर्चून टाकू नये. जिथे तेल ओतले जाते त्या दृश्यापर्यंत ती राखून ठेवावी.

तिसरी पायरी: हंगामाप्रमाणे दिवस ठरवणे

लोणच्याची प्रक्रिया एका दिवसात संपत नाही. कैरी कापण्याचे काम साधारण एप्रिल ते जूनच्या पूर्वार्धात होते. मीठ-हळद लावलेल्या फोडींना खार सुटायला दोन-तीन दिवस लागतात आणि मसाला-तेल घातल्यावर लोणचे मुरायला पुढे दोन आठवडे तरी जातात. म्हणून चित्रीकरणाचे किमान तीन दिवस ठरवावेत: कैरी येते तो दिवस, मसाला आणि तेल मिसळण्याचा दिवस, आणि बरण्या भरण्याचा दिवस. तिन्ही दिवशी एकाच लॉटचा माग ठेवावा. ड्रमवर खडूने किंवा चिठ्ठीने लिहिलेला लॉट क्रमांक पहिल्या दिवशी टिपावा आणि तोच क्रमांक शेवटी बरणीच्या लेबलवर दिसावा. पाहणाऱ्याला हा दुवा न सांगता कळतो, आणि कारखान्याची नोंदवही नीट आहे हेही त्यातून दिसते.

हंगाम चुकला तर दुसऱ्याच फळाने कैरीची वेळ मारून नेऊ नये. डिसेंबरमध्ये चित्रीकरण असेल तर लिंबाच्या किंवा आवळ्याच्या लोणच्याचा लॉट घ्यावा आणि संहिता त्या फळाप्रमाणे लिहावी.

चौथी पायरी: वेळेचा हिशेब

साडेचार मिनिटे म्हणजे 270 सेकंद. निवेदन ऐकायला सुखाचे वाटावे असे मराठी मिनिटाला सुमारे 110 शब्दांच्या गतीने बोलले जाते. सगळी 270 सेकंदे बोलण्याने भरली तर जवळपास 500 शब्द बसतात, आणि हीच चूक सर्वाधिक होते. लोणच्याच्या कारखान्याला स्वतःचे आवाज असतात: अडकित्त्याखाली कोय फुटल्याचा कडक आवाज, तडतडणारी फोडणी, तेलात डाव फिरल्याचा जड आवाज. त्यांच्यासाठी तिसरा हिस्सा मोकळा सोडावा. उरलेल्या 180 सेकंदांत 330 शब्द मावतात. त्यांतले 130 शब्द ताईंच्या तोंडी आणि 200 निवेदकाच्या तोंडी, अशी आमची वाटणी होती. संहिता लिहून झाल्यावर ती मोठ्याने, घड्याळ लावून वाचावी. मनात वाचताना वेग नेहमी जास्त असतो, म्हणून तो हिशेब धरू नये.

पाचवी पायरी: दृश्ये लिहिणे

प्रत्येक दृश्यासाठी ‘चित्र’ आणि ‘आवाज’ अशा दोन ओळी लिहाव्यात. चित्रात जे दिसते तेच आवाजाने पुन्हा सांगू नये. “इथे कैऱ्या धुतल्या जात आहेत” हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण ते डोळ्यांना दिसतेच. आमच्या संहितेतली तीन दृश्ये इथे देतो.

उंबरठ्याचे दृश्य, 40 सेकंद:

चित्र: तिसऱ्या टाकीतून कैरी बाहेर येते. सुती कापड. पुसलेली कैरी ट्रेमध्ये. पंख्याखाली ट्रेची रांग. एक बाई कैरीच्या देठाच्या खळग्यावर बोट फिरवून बोट पाहते. ट्रे खिडकीतून पलीकडे सरकतो. पलीकडचे हात दुसरे आहेत.

आवाज (निवेदक): “देठाच्या खळग्यात पाणी सर्वांत शेवटपर्यंत राहते. तिथे बोट कोरडे निघाले, तरच ट्रे या खिडकीतून पुढे जातो. या खिडकीच्या पलीकडे नळ नाही.”

शेवटच्या वाक्यानंतर पाच सेकंद शांतता ठेवावी आणि कोरडी खोली संथपणे दाखवावी. स्वच्छतेविषयी शंभर विशेषणे वापरण्यापेक्षा ‘नळ नाही’ ही वस्तुस्थिती अधिक काम करते, आणि ती खरी असेल तरच लिहावी.

खाराचे दृश्य, 45 सेकंद. इथे नवख्याची संहिता हमखास घसरते. आतापर्यंत पाणी हटवले असे सांगितले आणि आता ड्रममध्ये फोडी चक्क पाण्यात बुडालेल्या दिसतात. हा विरोध पाहणाऱ्याला खटकतो, म्हणून तो निवेदनानेच सोडवावा लागतो.

चित्र: अडकित्त्याने फोडी. कोयीच्या आतली साल आणि बी काढली जाते. परातीत फोडींवर मीठ आणि हळद. ड्रमचे झाकण लागते, चिठ्ठीवर लॉट क्रमांक. पुढचे चित्र तिसऱ्या दिवशीचे, तोच ड्रम; फोडी पिवळ्या खारात.

आवाज (निवेदक): “हे पाणी नळाचे नाही. मिठाने फोडीतले पाणी बाहेर ओढले, त्याचा हा खार. यात मीठ आहे आणि कैरीचा आंबटपणा आहे, म्हणून हा टिकतो.”

शंभर किलो फोडींना पंधरा किलो मीठ हे या गाळ्यातले प्रमाण होते. मीठ कमी पडले तर फोड आधी मऊ होते, खारावर पातळ पांढरा पडदा येतो आणि बुडबुडे दिसू लागतात. चित्रीकरणाच्या दिवशी ड्रममध्ये असे काही दिसले, तर तो ड्रम चित्रात घेऊ नये एवढेच पुरेसे नाही. तो मालकिणीला दाखवावा. या दृश्यात आंबटपणा मोजणाऱ्या पी.एच. मीटरचा आकडाही तीन सेकंद दाखवता येतो; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त. अन्नशास्त्रात 4.6 ही महत्त्वाची मर्यादा आहे. त्याहून कमी पी.एच. असेल तर बोटुलिझमचे घातक विष तयार करणारे जिवाणू वाढू शकत नाहीत. कैरीच्या लोणच्याचा आकडा त्याच्या बराच खाली असतो. आकडा दाखवला तर त्याचा अर्थ एका वाक्यात सांगावा. तसे जमत नसेल तर मीटर दाखवू नये.

तेलाचे दृश्य, 60 सेकंद. चित्रफितीतले हे सर्वांत लांब दृश्य.

चित्र: संध्याकाळ. मोठ्या पातेल्यात तेल तापते, हिंग पडतो. दिवा मालवला जातो. तेच पातेले सकाळी, जाळीच्या झाकणाखाली. तापमापी तेलात, ताई आकडा वाचून वहीत लिहितात. मग त्या कॅमेऱ्याकडे पाहतात.

आवाज (ताई): “साठ बरण्या होत्या. तेल कोमट होतं आणि मला घाई होती. झाकणाला आतून थेंब धरले, ते मला दिसलेच नाहीत. तीन आठवड्यांनी लोकांनी दाखवले. सगळ्या परत आणल्या. तेव्हापासून तेल रात्री तापवायचं आणि सकाळी घालायचं.”

चित्र: मोहरीची डाळ, मेथीची पूड, तिखट, हळद परातीत. गार तेलाची धार. मसाला फुलतो. बोलणे नाही.

ताईंचे वाक्य त्यांच्या बोलीतच राहू द्यावे. निवेदकाची भाषा प्रमाण आणि मालकिणीची बोली, हा फरक कानाला हवा असतो. त्यांना वाक्ये पाठ करायला देऊ नयेत. प्रसंग कोणत्या क्रमाने सांगायचा एवढेच ठरवावे, दोनदा सांगून घ्यावे आणि बहुधा दुसऱ्या वेळचे वापरावे.

मसाल्याचे प्रमाण हे छोट्या व्यावसायिकाचे भांडवल आहे. म्हणून काट्यावरचा आकडा चित्रात येऊ देऊ नये, आणि मसाला तोलून झाल्यावरच परात कॅमेऱ्यासमोर आणावी. पुरवठादारांच्या गोण्यांवरची नावेही आधीच बाजूला करावीत.

भरण्याचे दृश्य थोडक्यात आटोपते: कोरड्या बरण्या, डाव, वर तेलाचा थर, पुसलेली कड, झाकण, लेबल, लॉट क्रमांक. तेलाचा थर मात्र बाजूने, प्रकाश पाठीमागून घेऊन, डोळ्यांच्या पातळीवर टिपावा. तेलातल्या लोणच्यात फोडींवर किमान अर्धा सेंटिमीटर तेल असावे हे अन्नसुरक्षा नियमांतल्या निकषांपैकी एक आहे, आणि पाहणाऱ्याला तो थर मोजपट्टीशिवाय दिसतो.

सहावी पायरी: चित्रीकरण करणाऱ्यांची स्वच्छता

गाळ्यात शिरणारा कॅमेरामन हाही कारखान्यात शिरणारा माणूस आहे. त्याने डोक्याला टोपी, अंगावर ॲप्रन आणि गाळ्यातली चप्पल घालावी. घड्याळ आणि अंगठी बाहेर काढून ठेवावी. तिवईचे पाय रस्त्यावरून आलेले असतात, ते पुसून, कोरडे करून आत न्यावेत. आधी कोरड्या खोलीतले काम उरकावे आणि मग ओल्या भागाकडे जावे. उलट क्रम कधीही ठेवू नये.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. पहिल्याच वर्षी, कापलेल्या फोडी चित्रात तुकतुकीत दिसाव्यात म्हणून मी त्यांच्यावर पाण्याचा फवारा मारायला सांगितला होता. भाजी किंवा फळांच्या जाहिरातींत तसे करतात. ताईंनी फवारा हातातून काढून घेतला आणि त्या परातीतल्या फोडी लॉटमधून बाजूला काढल्या. मी पाच किलो कैरी वाया घालवली होती. चमक हवी असेल तर दिवा बाजूने आणि खालच्या कोनात ठेवावा; कैरीची फोड ताजी असताना स्वतःच चमकते.

कामगार बायकांविषयी थोडे जपून लिहावे लागते. काचेची बांगडी फुटून तुकडा लोणच्यात जाऊ शकतो म्हणून चांगल्या गाळ्यात बांगड्या काढूनच काम करतात आणि मंगळसूत्र ॲप्रनच्या आत राहते. हे रोजचे असेल तर चित्रात आपोआप येते. रोजचे नसेल तर केवळ चित्रीकरणापुरते हातमोजे आणि नवे ॲप्रन घालायला लावू नयेत. घडीच्या रेषा असलेले ॲप्रन आणि हातमोजे घालून अवघडलेले हात लगेच ओळखू येतात. चेहरा दाखवण्याआधी प्रत्येकीची संमती घ्यावी. जिला नको असेल तिचे हात दाखवावेत.

तांत्रिक बाबी दोनच सांगतो. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकते किंवा त्यावर पट्टे सरकतात. सेकंदाला 25 चौकटी आणि शटर 1/50 ठेवले की हे बहुतांशी थांबते. दुसरे म्हणजे ताईंचे बोलणे गळ्याजवळच्या माईकवर, पंखा आणि ग्राइंडर बंद करून, शक्यतो शेजारच्या गाळ्याला सुट्टी असेल त्या दिवशी ध्वनिमुद्रित करावे. पंख्याची घरघर नंतर पुरती काढता येत नाही.

सातवी पायरी: शब्दांची आणि चित्रांची अखेरची तपासणी

निवेदनातले प्रत्येक विशेषण एकेक करून खोडून पाहावे. ‘100 टक्के शुद्ध’, ‘पचनाला उत्तम’, ‘घरगुती’ हे शब्द सहज येतात. खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांविषयी 2018 चे स्वतंत्र नियम आहेत आणि आरोग्याविषयीच्या दाव्याला पुरावा लागतो. ‘घरगुती’ हा शब्द तर चित्राशीच भांडतो, कारण पाहणाऱ्याला समोर कारखाना दिसत असतो. शेवटच्या चौकटीत अन्नसुरक्षा परवान्याचा किंवा नोंदणीचा 14 अंकी क्रमांक लेबलवर वाचता येईल इतका वेळ ठेवावा, आणि तो वैध आहे ना हे आधी कागदावर पाहावे.

संपादन झाल्यावर चित्रफीत प्रथम आवाज बंद करून पाहावी. आवाजाविना पाणी कुठे संपले हे कळत नसेल, तर दृश्यांचा क्रम चुकला आहे. मग ती घरी लोणचे घालणाऱ्या दोन बायकांना दाखवावी आणि मत विचारण्याऐवजी त्या कुठे थांबवायला सांगतात ते टिपावे. आमच्या चित्रफितीत पंचवटीतल्या एका आजींनी भरण्याच्या दृश्यात हात वर केला आणि म्हटले, “तो डाव कुठून आला?” चित्रात डाव टेबलावर आधीच पडलेला होता. तो कोरड्या डब्यातून काढताना दाखवणारे दोन सेकंदांचे दृश्य आम्ही दुसऱ्या दिवशी जाऊन टिपले आणि बरणी भरण्याच्या चित्राआधी जोडले.